नववर्षाच्या सेलमध्ये चार कोर्सऐवजी एकच विकला, त्याचं प्रकरण

मागच्या सेलनंतर वर्षभर ग्राहकांची उत्तरं वाचायचं काम माझ्याकडे होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नव्या सेलची चाहूल देणारी मेल पाठवली आणि तासाभरात एकाचं उत्तर आलं: "मागच्या वर्षी तुमच्याकडून घेतलेले चारही कोर्स अजून उघडलेले नाहीत. पाचवा कशाला विकताय?" मी ती ओळ जशीच्या तशी टीमच्या चॅटवर टाकली. दोन जणांनी हसण्याचे इमोजी टाकले. मार्केटिंग प्रमुखाने विचारलं, "असे किती आहेत?"

त्या प्रश्नापासून पुढचं सगळं सुरू झालं. प्लॅटफॉर्मची ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत आणि किमती चलनात न देता कोर्सची मूळ किंमत 100 धरून मांडल्या आहेत.

पार्श्वभूमी

प्लॅटफॉर्म नोकरी करणाऱ्यांसाठी आहे. डेटा विश्लेषण, प्रकल्प व्यवस्थापन, व्यावसायिक लेखन असे रेकॉर्ड केलेले कोर्स, प्रत्येकात साधारण 12 तासांचे व्हिडिओ आणि सोबत सराव. घेणारा माणूस दिवसभर कामात, संध्याकाळी घरात, आणि शिकणार ते उरलेल्या वेळेत.

नववर्षाचा सेल ही वर्षातली सगळ्यात मोठी कमाई. याला मानसशास्त्राचाही आधार आहे. डाय, मिल्कमन आणि रीस या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं, की नवं वर्ष, नवा महिना, अगदी नवा आठवडा सुरू झाला तरी माणसं व्यायाम, आहार असल्या संकल्पांकडे जास्त वळतात. सेल लावणाऱ्यांना हे अभ्यासाआधीच कळलेलं असतं. फक्त ती उसळी थोडेच दिवस टिकते, आणि आम्ही त्या थोड्या दिवसांत लोकांना चार-चार कोर्स देऊन बसत होतो.

मागच्या वर्षीचा सेल असा होता: एक कोर्स 25 ला, चार कोर्सचा संच 60 ला. 4,000 जणांनी खरेदी केली, त्यातल्या 2,600 जणांनी संच घेतला. पानावर उलटी मोजणी करणारं घड्याळ होतं. 1 जानेवारीला संपणारा सेल "लोकाग्रहास्तव" 4 जानेवारीपर्यंत वाढवला. एकूण विक्री 1,91,000 झाली आणि ऑफिसात केक कापला गेला.

अडचण

केकनंतर परताव्याचे अर्ज यायला लागले. आमची मुदत खरेदीपासून 30 दिवसांची. अर्जांचे दोन ढीग दिसले. पहिला खरेदीनंतरच्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे घाईत घेऊन पस्तावलेल्यांचा. दुसरा, जास्त मोठा, मुदतीच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत. त्यांच्या अर्जांत कोर्सबद्दल तक्रारच नव्हती. "वेळ झाला नाही", "मार्चनंतर बघेन", "कामाचा ताण वाढलाय". आमचीच आठवणीची मेल गेली, की त्यांना कळायचं की महिना गेला आणि आपण काहीच केलं नाही.

संच घेणाऱ्यांपैकी 24 टक्क्यांनी पैसे परत घेतले, एकच कोर्स घेणाऱ्यांपैकी 10 टक्क्यांनी. परतावे वजा जाता हातात राहिले 1,50,000. जानेवारीअखेर 4,000 पैकी 2,400 जणांनी एकही धडा उघडलेला नव्हता. मार्केटिंग प्रमुखाच्या प्रश्नाचं उत्तर काढलं तेव्हा, नोव्हेंबरातसुद्धा, ज्यांनी पैसेही परत मागितले नाहीत आणि कोर्सही उघडला नाही असे 1,500 निघाले.

घड्याळाची गोष्ट वेगळी. ते प्रत्येक ब्राउझरसाठी नव्याने सुरू व्हायचं. एका ग्राहकाने फोनवरचं आणि लॅपटॉपवरचं घड्याळ शेजारी ठेवून फोटो पाठवला होता. एकावर 3 तास बाकी, दुसऱ्यावर 23. त्याला काय उत्तर द्यायचं यावर आमच्याकडे अर्धा दिवस चर्चा झाली, आणि शेवटी "तांत्रिक अडचण" असं लिहून मोकळे झालो. ते उत्तर मीच टाइप केलं होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, तोच सेल जरा मोठा करून लावायचा. विक्रीच्या माणसांचं म्हणणं, परतावे धरूनही आकडा चांगलाच आहे, मग का हलवायचं? चुकीचं नव्हतं. पण संच घेतलेल्यांनी त्यानंतर वर्षभर आमच्याकडून जवळजवळ काहीच घेतलं नव्हतं. घरात तीन न वाचलेली पुस्तकं पडलेली असली, की चौथं घ्यायला माणूस लाजतो, तसं.

दुसरा पर्याय संस्थापकांचा: वर्षभराची सदस्यता, सगळे कोर्स खुले, मोठी सवलत. त्यांनी सरळ सांगितलं, "जिमचं गणित असंच चालतं. येत नाहीत त्यांचा खर्चही नसतो." बैठकीत कुणी काही बोललं नाही, कारण हिशेब म्हणून ते बरोबर होतं. ग्राहक सेवेतली सहकारी म्हणाली, "सर, पुढच्या जानेवारीत नूतनीकरणाचे पैसे आपोआप कापले जातील तेव्हा फोन मी उचलणार आहे." ज्याने वर्षभर लॉगिन केलं नाही त्याच्या खात्यातून पैसे गेले, तर तो आधी बँकेकडे तक्रार करतो. तशा वादात पैसे तर जातातच, वर पेमेंट कंपनी दंड आकारते आणि असे वाद फार वाढले तर खातंच अडचणीत येतं. सदस्यता तिथेच मागे पडली.

तिसरा पर्याय, सेल बंदच. त्यावर दहा मिनिटंही गेली नाहीत.

चौथा माझा आणि अभ्यासक्रम बघणाऱ्याचा. सेलमध्ये एका माणसाला एकच कोर्स विकायचा, 50 ला. तो पूर्ण केला, की वर्षभरात कधीही पुढचा कोर्स त्याच 50 ला मिळेल. संचाचं आकर्षण असतं ते "पुढे लागला तर स्वस्तात हाताशी असेल" या भावनेचं. ती भावना ठेवायची, फक्त पैसे नंतर घ्यायचे.

संस्थापकांनी एका अटीवर हो म्हटलं: 20 जानेवारीला आकडे बघायचे, आणि मागच्या वर्षीपेक्षा फार खाली असतील तर तीन दिवसांचा जुन्या पद्धतीचा सेल लावायचा. त्या अटीने पुढे मला बराच ताप दिला.

काय केलं

सगळ्यात आधी ते 1,500 लोक. 15 डिसेंबरला त्यांना मेल गेली, तिच्यात विकायचं काहीच नव्हतं. प्रत्येकाने घेतलेल्या कोर्सपैकी एकाचा सात मिनिटांचा एक धडा निवडून त्याचा थेट दुवा दिला. धडा पहिलाच असेल असं नाही, लगेच कामाला येईल असा. डेटा विश्लेषणात तो दोन याद्या जुळवून फरक शोधण्याचा होता. 210 जणांनी तो उघडला. या 1,500 जणांना सेलच्या मेल पहिला आठवडाभर पाठवायच्याच नाहीत असं ठरवलं. मार्केटिंग प्रमुखाला हे जड गेलं, कारण आधी पैसे दिलेला माणूस पुन्हा देण्याची शक्यता सर्वांत जास्त, असा त्यांचा अनुभव होता. पण कोर्स सुरूच न केलेल्या माणसाला ते गणित लागू होत नाही, हे त्या एका उत्तराने दाखवलं होतं.

किमतीच्या बाबतीत एक जुनी सवय मोडावी लागली. आम्ही 100 वर काट मारून सवलतीची किंमत दाखवायचो, पण वर्षात इतके छोटे सेल असायचे की 100 ला फारसं कुणी घेतच नव्हतं. युरोपीय संघात 2022 पासून नियम आहे, की वस्तूंची किंमत कमी केल्याची जाहिरात करताना आधीच्या किमान 30 दिवसांतली सर्वांत कमी किंमत संदर्भ म्हणून दाखवावी लागते. ऑनलाइन कोर्सना तो सगळीकडे लागू नसला, तरी आमचे काही ग्राहक तिथले. दोन वेगळी पानं सांभाळण्यापेक्षा सेलच्या आधीचे पाच आठवडे सगळ्यांसाठी कोणतीही सवलत बंद केली. काट मारलेला आकडा निदान खरा झाला.

घड्याळ काढून टाकलं. त्याच्या जागी एक ओळ: सेल 28 डिसेंबर ते 12 जानेवारी, शेवटच्या दिवशी मध्यरात्री संपेल. इतका लांब ठेवायचं कारण लॉगमध्ये सापडलं. खरेदीची गर्दी 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला होती, पण जे खरोखर शिकायला लागले त्यांचे पहिले धडे जास्त करून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उघडलेले होते. सुट्टीवरून परतून, तुंबलेलं काम उपसून झाल्यावरच माणसाला कळतं की आपल्याकडे खरंच किती वेळ आहे. सेल तोवर चालू असावा, एवढाच विचार.

मग कोर्सच्या पानावरचा वेळ. तिथे अभिमानाने "12 तासांचे व्हिडिओ" लिहिलेलं असायचं, जणू जास्त तास म्हणजे जास्त माल. ज्याच्याकडे वेळ नाही त्याला ही किंमतच वाटते. शिवाय आकडा अर्धवट होता. पूर्ण केलेल्यांच्या नोंदी काढल्या तर सराव, थांबून पुन्हा बघणं आणि शेवटचं काम धरून 25-26 तास लागत होते. म्हणून पानावर एक चौकट टाकली: "एकूण सुमारे 26 तास. आठवड्याला 2 तास दिलेत तर 13 आठवडे, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला संपेल." विक्री पडेल ही भीती सगळ्यांना होती, मलाही. म्हणून चौकट निम्म्याच लोकांना दाखवली. कोण कोणत्या निम्म्यात हे भेटीवर न ठरवता खात्यावर ठरवलं, नाहीतर एकाच माणसाला सकाळी चौकट दिसते, रात्री दिसत नाही आणि चाचणीला अर्थ उरत नाही.

खरेदीच्या वेळी आठवड्यातले दोन ठरावीक वेळ निवडायला सांगितले, आणि ते त्याच्या कॅलेंडरमध्ये भरता येतील अशी फाइल दिली. "अमुक वेळ झाली की अमुक करेन" असं आधी ठरवलं तर काम होण्याची शक्यता वाढते, यावर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं बरंच काम आहे. आमच्या हातून मात्र इथेच दोन चुका झाल्या.

पहिली जागेची. वेळ निवडण्याचं पान आम्ही पैसे भरण्याच्या आधी ठेवलं होतं. लोक तिथे थबकायचे, "घरी विचारून सांगतो" म्हणावं तसे निघून जायचे आणि परत यायचे नाहीत. दोन दिवसांत लक्षात आलं आणि ते पान पैसे भरल्यानंतर नेलं.

दुसरी चूक उशिरा कळली. सकाळी साडेसहाची वेळ निवडलेल्या बाईंनी लिहिलं की त्यांना भर दुपारी, बैठक चालू असताना "आता शिकायची वेळ" अशी घंटी वाजते. फाइल उघडून बघितली:

```
DTSTART:20250107T063000Z
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=TU,SA;COUNT=26
```

पहिल्या ओळीच्या शेवटचं `Z` सांगतं की ही वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार आहे. कॅलेंडर ती स्थानिक वेळेत बदलून दाखवत होतं आणि प्रत्येक देशात वेगळ्या तासाला घंटी वाजत होती. `Z` काढलं की वेळ कोणत्याही क्षेत्राला न बांधता तशीच राहते, जिथे असाल तिथे साडेसहा. एका अक्षराची दुरुस्ती. पण तोवर 600 फाइल गेल्या होत्या, आणि कॅलेंडरमध्ये भरलेली नोंद आपल्याला बाहेरून बदलता येत नाही. माफीसह नवी फाइल पाठवली आणि जुनी नोंद कशी काढायची ते लिहिलं. चाचणी करणारे सगळे आपापली फाइल "आली का" एवढंच बघत होते. घंटी वाजेपर्यंत कुणी थांबलं नव्हतं.

परताव्याची मुदतही बदलली. खरेदीपासून 30 दिवसांऐवजी पहिला धडा उघडल्यापासून 14 दिवस, आणि कोर्स उघडलाच नाही तर खरेदीपासून 60 दिवस. हिशेब विभाग नाराज होता, कारण पैसे कधी आपले म्हणायचे ते दोन महिने ठरत नाही. आमचा तर्क असा, की महिनाअखेरचा ढीग मुदतीच्या भीतीने येतो. मुदत सुरू व्हायलाच माणसाच्या हातात ठेवली, तर घाबरून परत करायचं कारण कमी होतं.

13 जानेवारी आणि 20 जानेवारी

सेल बोलल्याप्रमाणे बंद झाला. सकाळी चाळीसेक मेल आल्या, "काल राहून गेलं, आज मिळेल का?" हा निर्णय वाटतो तितका सोपा नव्हता. प्रत्येक मेलमागे 50 उभे होते. दिले असते तर मागच्या वर्षीच्या "लोकाग्रहास्तव"सारखंच झालं असतं, आणि वेळेत घेतलेल्यांना आपण मूर्ख ठरलो असं वाटलं असतं. आम्ही पेमेंटची नोंद तपासली. ज्यांनी मुदतीच्या आत पैसे भरायचा प्रयत्न केला होता आणि व्यवहार फसला होता, अशा 9 जणांना सेलच्या किमतीत कोर्स दिला. बाकीच्यांना नाही म्हटलं. त्यातल्या काहींनी पूर्ण किमतीत कोर्स घेतला, तिघांनी चिडून उत्तर दिलं.

20 जानेवारीला बैठक. 3,100 खरेदी, 1,55,000 विक्री. मागच्या वर्षी याच तारखेला 1,91,000 दिसत होते. संस्थापकांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "थांबायचं कशासाठी?"

माझ्याकडे त्या दिवशी परताव्यांचा पुरावा नव्हता, कारण नव्या मुदतीत परतावे अजून यायचेच होते. मी दाखवू शकत होते ते एवढंच, की या वर्षी 64 टक्के लोकांनी पहिला धडा उघडला आहे, आणि मागच्या वर्षी महिनाअखेरपर्यंत थांबूनही 40 टक्क्यांनीच उघडला होता. हे सूचक होतं, सिद्ध करणारं नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं. तासभर वाद झाला. जुन्या पद्धतीचा सेल लावला असता तर 50 ला घेतलेल्या 3,100 जणांना आठवड्यात तोच कोर्स 25 ला दिसला असता, या एका मुद्द्यावर तो थांबला. माझं आकड्यांचं प्रेझेंटेशन कुणी फारसं मनावर घेतलं नाही, हेही सांगायला हवं.

निष्पत्ती

60 दिवसांची मुदत मार्चच्या मध्याला संपली. परतावे 8 टक्के. हातात राहिले सुमारे 1,42,600, म्हणजे तरीही मागच्या वर्षीपेक्षा कमी. त्या महिन्यात मला ऑफिसात फार बोलावंसं वाटत नव्हतं.

पुढचे तीन महिने पहिला कोर्स पूर्ण केलेले लोक दुसरा घेत गेले. जूनअखेर 878 जणांनी कोर्स संपवला होता आणि त्यातल्या 395 जणांनी पुढचा घेतला. एकूण 1,62,000 च्या वर गेलं.

चौकटीच्या चाचणीचा निकाल मात्र मला हवा तसा आला नाही. चौकट न दिसलेल्या गटात 1,650 खरेदी, दिसलेल्या गटात 1,450. म्हणजे भीती खरी होती. परतावे अनुक्रमे 176 आणि 72. वजाबाकी केली तरी चौकटीच्या गटात टिकलेले ग्राहक 96 ने कमीच. कोर्स पूर्ण करणारे मात्र त्या गटात 524, दुसऱ्यात 354. पुढच्या कोर्सची खरेदी धरली तर दोन्ही गटांची कमाई जवळजवळ सारखी, चौकटीविना किंचित जास्त. "खरा वेळ सांगा, पैसे वाढतील" असं म्हणायची माझी तयारी होती, पण आकडे तेवढं म्हणू देत नाहीत. चौकट आता सगळ्या कोर्सवर आहे. कारण इतकंच की पैसे तेवढेच येतात आणि परताव्यांचं काम निम्म्याहून कमी झालं.

पुन्हा करायचं तर

आम्ही एकाच सेलमध्ये किंमत, संच, मुदत आणि घड्याळ सगळं बदललं, आणि चाचणी फक्त चौकटीची केली. त्यामुळे परतावे कशामुळे घटले ते आजही ठामपणे सांगता येत नाही. माझा अंदाज संच काढल्यामुळे, हिशेब विभागाचा अंदाज मुदतीमुळे. एखादा छोटा गट जुन्या मुदतीवर ठेवला असता तर हा वाद उरला नसता.

20 जानेवारीची अटही मी तेव्हाच मोडून काढायला हवी होती. परताव्याची मुदत 60 दिवसांची आणि निकाल तीन आठवड्यांत, हे कागदावर शेजारी लिहिलं असतं तर विसंगती तिथेच दिसली असती. होकार मिळाला याच आनंदात मी ती मान्य केली.

पाळीत काम करणाऱ्यांचा विचारही आम्ही केला नाही. "दर मंगळवारी आणि शनिवारी" हे ज्यांची सुट्टी दर आठवड्याला बदलते त्यांना जमत नाही. अशा बऱ्याच जणांनी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कॅलेंडरच्या नोंदी पुसल्या. येत्या सेलला वेळेऐवजी आठवड्याचे धडे निवडता येतील, वेळ ज्याची त्याने बघावी, असं काम चालू आहे.

आणि ज्याच्या उत्तरापासून हे सुरू झालं त्याने सेलमध्ये काहीच घेतलं नाही. सात मिनिटांचा धडा मात्र उघडला, आणि मार्चमध्ये जुन्या चारपैकी एक कोर्स संपवला. दुसरा अर्ध्यावर आहे. सवलतीतला पुढचा कोर्स आपल्यालाही मिळेल का, असं त्याने विचारलंय. नियमाप्रमाणे मिळत नाही, कारण त्याची खरेदी जुन्या सेलमधली. त्याचं उत्तर अजून माझ्या ड्राफ्टमध्ये पडून आहे.